अप्पांच्या डिशवॉशरचा खटका

अप्पांचं डिशवॉशर बिघडलेलंच निघावं म्हणून मी देवाला नारळ बोलले होते. लोक वस्तू दुरुस्त व्हावी म्हणून बोलतात, माझं सगळं उलटंच.

अप्पा म्हणजे माझे वडील. आयटीआयमध्ये तीस वर्षं वायरमनच्या पोरांना शिकवलं. आई गेल्यावर जुन्या जालन्यातल्या घरात एकटेच राहत होते. भांड्याला बाई लावू म्हटलं तर म्हणाले, "माणूस नको, मशीन दे. मशीन कटकट करत न्हाई." भावानं पुण्याहून पैसे पाठवले, मी डिशवॉशर घेतलं. भावाचं म्हणणं सरळ होतं. अप्पांना स्वतःचं स्वतः करता येतंय तोवर त्यांनी जालन्यात राहावं, नाही जमलं तर पुण्याला यावं. अप्पांना पुण्याचं नाव काढलेलं चालत नव्हतं. भाऊ काही वाईट बोलत नव्हता, तरी मला त्याचा राग यायचा. मी बदनापूरच्या शाळेत शिकवते, रविवारी जालन्याला जाते. आठवड्यातून एकदा येऊन आपण फार करतो असं मला तेव्हा वाटायचं.

पहिला फोन आला तेव्हा अप्पा म्हणाले, "माय, दार बसून न्हाई राह्यलं. लॅच गेला, दाराचा खटका." मी गेले. खालच्या जाळीत परात उभी ठोकलेली, तिची कड पुढं आलेली. जाळी पूर्ण आत जात नव्हती, म्हणून दार दोन बोटं उघडं राहत होतं. परात काढली, दार लावलं, खट्‌ आवाज आला. आपण हसलो की घरातली भीती पळते असा माझा समज आहे, म्हणून मी खूप हसले.

दुसऱ्या वेळी दार नीट लागत होतं, पण कुठलंच बटण दाद देत नव्हतं. समोर कुलपाचं चिन्ह पेटलेलं. अप्पांनी ओल्या फडक्यानं बटणं घासून घासून पुसली होती, त्यात कुलपाचं बटण दाबलेलं राहून चाइल्ड लॉक लागलं. तेच बटण मी तीन सेकंद दाबून धरलं, दिवा विझला. अप्पा म्हणाले, "घरात लेकरू न्हाई, अन् लेकराचं कुलूप कशाला?" त्यांचं बराबर होतं. मी सगळं कागदावर लिहून मशीनवर चिकटवलं. अशी चूक कुणाचीही होते, असं मी परतीच्या गाडीत स्वतःला सांगत होते.

तिसरा फोन शाळेत आला. "लॅच चांगला हाय. दाराचा स्विच गेला. दार लागलं हे मशीनला कळतच न्हाई." निदान एकदम मास्तरी. मी गेले, दार लावलं, स्टार्ट दाबलं आणि मशीन सुरू झालं. अप्पा चिडले. "तुझ्या हातानं लागलं. कॉन्टॅक्ट लूज असला की असंच होतं. कधी लागतं, कधी न्हाई."

हे खरं असू शकतं. त्या 'असू शकतं'ला मी आठवडाभर लोंबकळत राहिले. स्विच गेलेला असला तर अप्पा ठीक होते. नारळ तेव्हाच बोलले.

पुढच्या रविवारी मेकॅनिक बोलावला. निघाला अप्पांचाच विद्यार्थी, आता स्वतःच पन्नाशीचा. दारातच वाकून पाया पडला. अप्पांनी त्याला नाव घेऊन हाक मारली, त्याची बॅच सांगितली, तो कुठल्या बाकावर बसायचा तेही सांगितलं. मला इतकं हायसं वाटलं की मी चहात दोनदा साखर टाकली.

त्यानं प्लग काढला, दाराच्या आतले स्क्रू खोलले. लॅचची स्प्रिंग बघितली, वरचा हूक हलवून बघितला. स्विचच्या वायरी सोडवून वीज पुढं जाते का ते बघायला मल्टिमीटर लावलं. लॅच मिटला की बीप, सोडला की गप्प. वीसेक वेळा केलं असेल. एकदाही बीप चुकला नाही. अप्पा तेवढ्या वेळात चष्मा शोधायला आतल्या खोलीत गेले होते. सगळं परत जोडून झाल्यावर तो म्हणाला, "सर, आता तुम्ही लावून दाखवा."

अप्पांनी दार लावलं. खट्‌. पॉवर दाबली, दिवा लागला. प्रोग्राम निवडला. आणि थांबले. स्टार्टचं बटण त्यांच्या बोटापासून वीतभरही लांब नव्हतं, माझा कागद नाकासमोर होता. ते थांबूनच राहिले. मग त्यांनी दार उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा थांबले. "बघ," ते म्हणाले, "सुरू होऊन न्हाई राह्यलं."

विद्यार्थ्यानं माझ्याकडं बघितलं. मी त्याला अंगणात नेलं.

"ताई, मशीन बिलकुल चांगलं हाय," तो म्हणाला. "सरांना कसं सांगू?"

"सांगू नका," मी म्हणाले. "स्विच बदलला म्हणा."

हे मी सांगितलं. त्याच्या मनात नव्हतं. वर्गात पोरांना खोटं बोलल्याबद्दल उभं करणारी बाई मी.

तो आत गेला आणि खाली बघत म्हणाला, "सर, तुम्ही म्हणले तेच निघालं. स्विच गेल्ता. बदलला."

अप्पांचा चेहरा असा खुलला की आपलं खोटं किती चांगलं, असं मला घटकाभर वाटलं. मग त्यांनी हात पुढं केला. "काढलेला पार्ट दे."

मला हे सुचायला हवं होतं. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही अप्पांची शिस्त. तीस वर्षं प्रत्येक बॅचला त्यांनी ती घोटून घोटून शिकवली होती. विद्यार्थी क्षणभर घुटमळला, मग पिशवीत चाचपून त्यानं असाच कुठला तरी छोटा स्विच काढला आणि सरांच्या तळहातावर ठेवला.

अप्पा स्टुलावर बसले. त्याचं मल्टिमीटर मागून घेतलं. स्विचला तीन पाय होते, त्यातले नेमके दोन निवडून त्यांनी मीटरच्या सळया टेकवल्या. स्विचची पट्टी दाबली, बीप. सोडली, गप्प. दाबली, बीप.

"हा तर चालू हाय," ते वर न बघता म्हणाले. "चालू पार्ट कशाला काढलास?"

विद्यार्थी मान खाली घालून उभा. पन्नाशीचा माणूस, घरी सुना असतील त्याच्या.

अप्पांनी त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी नजर चुकवली, आणि तेवढं त्यांना पुरलं.

"मंग मशीनमधे काहीच न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी सळया काढल्या, वायर गुंडाळली आणि मीटर विद्यार्थ्याच्या हातात दिलं. त्याच्या खांद्यावर थोपटून "तुझी तपासणी बराबर होती" असं म्हणाले. मग मला म्हणाले, "भावाला फोन लाव. न्यायला ये म्हण."

पुण्याचं नाव काढलेलं न चालणारे अप्पा स्वतःहून भावाकडं जायला तयार झाले होते. नंबर लावताना मात्र त्यानं फोन उचलू नये असं मला वाटत होतं. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.