भाताच्या शितांनी चिकटवलेल्या चिठ्ठ्या

ऐंशी सालानंतरच्या एका हिवाळ्यात मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. काम रक्त गोळा करायचं. भंडारा जिल्हा माझाच, सानगडीकडचा, म्हणून मॅडमनी मला सोबत घेतलं. मॅडम म्हणजे आमच्या आनुवंशिकीच्या प्राध्यापिका. जीपमध्ये मी त्यांना सांगून टाकलं होतं, "आमच्याकडे माणूस पाह्यला की तो कोण ते मी सांगतो." तेव्हाच मी गप्प बसायला हवं होतं.

अड्याळच्या पुढल्या एका गावात दोन वस्त्या होत्या. एक शेतकऱ्यांची, दुसरी तळ्यापलीकडची आदिवासी टोली. दोन्हीकडे घरटी एकाचं रक्त घेतलं. डिंक संपला होता, तेव्हा नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या आम्ही शिजल्या भाताच्या शितांनी चिकटवल्या. धानाच्या मुलखात सगळी पोरं पतंग तशीच चिकटवतात. सकाळी पाहतो तर नळ्यांच्या पेटीतला बर्फ वितळलेला आणि चिठ्ठ्या तळाशी लगदा होऊन बसलेल्या.

तरीही आम्ही तपासणी केली. थेंबात एक रसायन घालायचं, वर काच ठेवायची. रसायन ऑक्सिजन ओढून घेतं, आणि दोष असेल तर गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. एका नळीतल्या पेशी तशा वाकल्या. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक दोष.

आता ही नळी कोणाची? त्या माणसाला नुसता वाहक-दोष असेल तर तो ठीक राहील. आजार असेल तर पुढच्या तापात जीवावर बेतू शकतं. दोन्हीतलं काय ते नागपूरच्या यंत्रावरच कळणार होतं. जीप दुसऱ्या सकाळी निघायची होती, त्याआधी तो माणूस सापडायला हवा होता. रसायन जेमतेम एका वस्तीपुरतं उरलं होतं.

मॅडम म्हणाल्या, "चेहरा पाहून सांगता ना? नळी पाहून सांगा."

मी सगळ्या नळ्यांचे रक्तगट पुन्हा तपासले. कुठल्याच गटावरून वस्ती कळेना. ए, बी, ओ, सगळे दोन्हीकडे असणार हे मलाही ठाऊक होतं, तरी वाटत होतं की रक्त काहीतरी कबूल करेल. शेवटी मी म्हणालो, हे टोलीतलंच असणार. हा रोग आदिवासींचा, असं पुस्तकात वाचलं होतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, जाऊ."

टोलीत पुन्हा बोटं टोचायला कोणी तयार होईना. एक म्हातारी म्हणाली, "काल घेतलं, आज घेता, उद्या कायले याल?" तरी समजूत घालत फिरलो. एकाच्याही पेशी वाकल्या नाहीत. दुपार टळली, रसायन तळाला गेलं.

आम्ही जेवायला ज्या शेतकऱ्याकडे होतो, त्याची लहान मुलगी ओसरीत पाय धरून निजली होती. घरात सर्वांत गोरी, आजीचा त्या रंगावर भारी जीव. पाय दुखतात म्हणून तिला वाताचं तेल चोळणं चालू होतं. असं दुखणं या आजाराचंही लक्षण; मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रसायनाच्या उरलेल्या थेंबात तिचं रक्त. आम्ही वाट पाहत बसलो. पेशी वाकायला लागल्या.

बापाला सांगितलं तेव्हा तो आधी माझ्यावरच चिडला. "आमच्या घरी? हा तं त्यायचा रोग हाय. मंग आमी का त्यायच्यातले झालो?"

मॅडम खाली बसल्या. "दादा, रंग वेगळा दिसतो, ते खोटं नाही. पण रंग पिढ्यानपिढ्यांच्या उन्हानं घडतो, तोही मोजक्याच जनुकांतून. हा दोष मलेरियाच्या मुलखात टिकतो, कारण एका बाजूनंच आला तर मलेरियातून वाचवतो. आईबाप दोघांकडून आला की आजार. तो आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, इथे तुमच्याकडे आहे. रंगानं माणसं वाटली तर एक वाटणी, या दोषानं वाटली तर दुसरी, रक्तगटानं तिसरी. एकीचा दुसरीशी मेळ बसत नाही. बहुतेक फरक तर एकाच वस्तीतल्या माणसांत असतो. आमचे-त्यांचे ही रेघ आपण ओढतो, आणि ओढली की ती खरेखुरे चटकेही देते."

त्यानं मुलीच्या पायांवर पांघरूण ओढलं. मग म्हणाला, "हे गावात कळलं तं हिच्या लग्नाचं?" मॅडमनी सकाळी मुलीला घेऊन नागपूरला चला, एवढंच सांगितलं.

सकाळी तो मुलीला शालीत गुंडाळून आला आणि म्हणाला, "गाडी चौकातून नका नेऊ." आम्ही तळ्याच्या काठानं, टोलीवरून गेलो. कालची म्हातारी दारात होती. तिनं पोरीकडे पाहिलं आणि विचारलं, "बिमार हाय का?" बापानं मान हलवली. जीप पुढे गेली तरी तो मागे वळून म्हातारीकडेच पाहत होता.

पुढे गेल्यावर त्यानं मला विचारलं, "भाऊ, तुमचं रगत पाह्यलं का?"

मी सानगडीचा, चेहऱ्यावरून माणूस ओळखणारा. मी हात खिशात घातले. मॅडम टोचणी शोधू लागल्या.