इस्लाहचा रकाना

निजामी अमलात अंबडजवळच्या एका गावी मी शाळेचा सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर झालो. त्या पहिल्याच वर्षी हाताखालच्या एका मास्तरांची कारगुजारी, म्हणजे वर्षाच्या कामाचा अहवाल, लिहायची वेळ आली. ते आरजी होते, म्हणजे कच्च्या नेमणुकीवर. वर्षाअखेरीला माझा अहवाल औरंगाबादच्या तालीम दप्तरात, म्हणजे शिक्षण खात्याच्या कचेरीत, जायचा आणि त्यावर त्यांना मुस्तकिल, म्हणजे कायम करायचं की घरी पाठवायचं, ते ठरायचं. त्यांच्या घरात बायको, दोन पोरी आणि आंधळी आई.

मला तेव्हा खरेपणाची मोठी हौस होती. आधीच्या हेडमास्तरांचे अहवाल मी चाळले होते. सगळे मास्तर ‘अव्वल’, सगळे ‘चालचलन नेक’. जो वर्गात घोरायचा तोही अव्वल. मला संताप आला. मी ठरवलं, आपण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही.

वर्षभरात चार वेळा मी त्यांच्या वर्गात मागे जाऊन बसलो. पाट्या तपासल्या, हजेरीचा पट पाहिला, पाठाच्या वह्या चाळल्या. गणित शिकवावं तर त्यांनीच. जोंधळ्याचे दाणे पोरांच्या पुढ्यात टाकून ते भागाकार असा समजावून द्यायचे, की मागच्या बाकावरची पोरंही चटकन उत्तर देत. कापूस वेचणीच्या दिवसांत इतर वर्ग ओस पडत, यांचा भरलेला असे. मी लिहिलं: शिकवणं अव्वल, हजेरी अव्वल, आणि प्रत्येकाखाली कधी काय पाहिलं ते.

उर्दू मात्र कच्चं. दप्तराला त्यांनी लिहिलेली दोन पत्रं लाल शाईच्या खुणांनी भरून परत आली होती. तिथे ‘सोयम’ दिला, म्हणजे तिसरा दर्जा, आणि पत्रांच्या नकला जोडल्या.

नमुन्याच्या शेवटी एक रकाना होता, ‘इस्लाह’, म्हणजे सुधारणा. मी तो मोठ्या उत्साहाने भरला. शाळा सुटल्यावर रोज तासभर शाळेतल्या मौलवीसाहेबांकडे उर्दू, दिवाळीला माझ्याकडून तपासणी, पुढच्या साली ट्रेनिंगला पाठवावं. मौलवीसाहेबांनी हो म्हटलं होतं. मास्तरांनाही मी विचारलं होतं.

“बराबर आहे साहेब,” ते म्हणाले होते. “माझं उर्दू लंगडंच आहे. मी शिकून राह्यलो तर होईल की.”

दोन महिन्यांनी हुकूम आला: सुधारणेची गरज असलेल्या मास्तरास मुस्तकिल करता येत नाही, सबब नेमणूक खतम.

मी तडक औरंगाबाद गाठलं. दप्तरातल्या म्हाताऱ्या कारकुनाने माझा अहवाल काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

“अहो सदरसाहेब, हा रकाना कोणी भरतं का? साहेब वरचं वाचत न्हाईत. रकाना कोरा, मास्तर पक्का. भरला, की मास्तर गेला. तुम्हाला कोणी सांगितलं न्हाई?”

नव्हतं सांगितलं. आणि मी तरी कुठे कोणाला विचारलं होतं? जुन्या अहवालांतले ते कोरे रकाने मी स्वतः पाहिले होते आणि त्यांना आळस समजलो होतो. साहेबांना भेटायला तीन तास बसलो. ते म्हणाले, हुकूम झाला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल दुसऱ्याचा होता.

पुढच्या वर्षी मी घोरणाऱ्या मास्तरांची कारगुजारी लिहिली. सगळं अव्वल, रकाना कोरा.

त्यानंतर एका चतुर्थीला राजूरला देवळाबाहेर ते मास्तर भेटले. वाळलेले, पायात झिजलेली पण स्वच्छ वहाण. मला वाटलं तोंड फिरवतील. त्यांनी नमस्कार केला.

“साहेब, जालन्याचे एक मारवाडी शेठ पोरांसाठी शिकवणारा शोधून राह्यलेत. मी गेल्तो. ते म्हणतात, काढून टाकलेला माणूस कसा ठेवू? तुम्ही माझ्या गणिताचं चांगलं लिहिल्तं म्हणे. कारकुनानं सांगितलं. तेवढ्याची नक्कल द्या. मंग ते ठेवतील.”

कारगुजारी हा गुप्त कागद. नक्कल बाहेर गेली असती तर माझी नोकरी गेली असती. पण साध्या कागदावर, माझ्या हाताने, चार ओळी लिहून द्यायला कोणता कायदा आडवा येत होता? कोणताच नाही. मला फक्त भीती वाटली, की तो कागद फिरत फिरत दप्तरात पोचेल आणि कोणी विचारील, एवढा चांगला होता तर काढला कसा?

“कायद्यात बसत नाही हो, गुरुजी,” मी म्हणालो.

“बरं साहेब,” ते म्हणाले, आणि देवळातून आणलेला प्रसाद माझ्या हातावर ठेवून गर्दीत गेले.