चूलबंद आवतण

आमच्या गावी, डोंगरकड्याला, एसटीत चढताना आईनं पिशवीत घरच्या हळदीची पुडी कोंबली. म्हणाली, “जेवलीस का न्हाई, तेवढं रोज सांगत जाय.” बाबांनी बॅग वर ठेवली आणि खाली उतरले. मी पुण्याला निघाले होते. त्याआधीही मी घरात अर्धीच होते. हिंगोलीला मावशीकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. दादा गावातच शिकला आणि पुढं मराठीचा मास्तर झाला.

इथं पुण्यात लग्नाची लिंक येते. किती जण येणार, तो आकडा चौकटीत टाकायचा. मी नेहमी एक टाकते. तुमच्यापैकी जे बाहेर पडलात, त्यांना ही चौकट माहीत असेल.

दादाचं लग्न ठरलं तेव्हा तो फोनवर म्हणाला, “पत्रिकेचं कडवं तू लिही. पण उसना शब्द एकही नको. फारसी न्हाई, इंग्रजी न्हाई, संस्कृतातून जसाच्या तसा उचललेलाही न्हाई. आपल्या जिभेवर झिजला असंल तरच आपला.” मग हसून म्हणाला, “जमलं न्हाई तर सांग, मॅडम.”

मी व्युत्पत्तिकोश घेऊन बसले. तारीख, हजर, जरूर गेले, ते अरबी. खुशी फारसी. सोबत मला अगदी घरचा वाटायचा, तोही अरबी निघाला. विवाह, निमंत्रण, मंगल गेले. लग्न हा शब्दसुद्धा संस्कृत, जसाच्या तसा. लग्नाच्या पत्रिकेत लग्न म्हणायचं नाही, हे थोडं विचित्रच होतं. पण मंडप झिजून मांडव झाला होता, हरिद्रा हळद झाली होती, हस्त हात. आमंत्रणाचं आवतण झालं होतं. मांडव आणि हळद आली की लग्न आपोआप कळतं.

अडलं ते ‘सहकुटुंब’पाशी. त्याला झिजलेलं रूप सापडेना. मग आठवलं, लहानपणी कुणाकडं सगळ्यांनी जेवायला जायचं असलं की आई म्हणायची, आज चूल पेटवायची न्हाई.

दारी उभा मांडव, ओली हळद हाती,
दोन घरं जोडताना जुळती नवी नाती.
चूल नका पेटवू, या लेकरं घेऊन,
गोड घास खाऊ, मांडीला मांडी लावून.

दादानं शब्द न् शब्द तपासला. उसना एकही सापडला नाही. पत्रिका छापून आल्या.

मी घरी पोचले तेव्हा आत्या पत्रिका हातात धरून ओसरीवर बसली होती. “काहून लिवलं गं असं? आख्ख्या गावाला चूलबंद करून ठिवलं की!”

तेव्हा मला समजलं. आवतणं दोन तऱ्हेची असतात. ‘घरटी एक’ म्हणजे घरातून एकानं जेवायला यायचं. ‘चूलबंद’ म्हणजे सगळ्या घरानं. त्या दिवशी त्यांची चूल पेटणार नाही, हा आपला शब्द. बाबांनी चूलबंद फक्त भावकीला ठरवलं होतं, बाकी गावाला घरटी एक. स्वयंपाकाचा अंदाज तसाच होता. दादानं शब्दांचं मूळ बघितलं, मी यमक बघितलं. अन्न कमी पडलं असतं तर बाबांना गावात मान वर करता आली नसती.

“दारोदार जाऊन सांगायचंच हाय,” आत्या म्हणाली, “तवा सांगू, ती कविता हाय, तुमी एकानं या.”

बाबा माझ्याकडं बघून म्हणाले, “आवतण तिचं हाय. तीच सांगंल.”

मी अनोळखी माणसाला वेळही विचारत नाही. कुंकवाची वाटी घेऊन आत्यामागं निघाले. पहिल्याच घरी म्हातारीनं नातवाकडून कडवं वाचून घेतलं होतं. तिनं विचारलं, “लिवलंय ते खरं व्हय, बाई? का नुसतं गाणं?”

आत्या माझ्याकडं बघत होती. म्हातारीमागं चुलीजवळ सून भाकरी थापत होती, दोन लेकरं ताटं घेऊन बसली होती.

“खरं हाय,” मी म्हणाले. “चूलबंद.”

आत्यानं सुस्कारा सोडला. पुढच्या प्रत्येक दारी मीच बोलले. संध्याकाळी बाबांनी ऐकून घेतलं आणि आचाऱ्याला निरोप धाडला.

लग्नात शेवटच्या पंगतीला बुंदी संपली. म्हातारी त्याच पंगतीत होती, नातवंडांसकट. तिनं वरणभातच पुन्हा मागून घेतला. आम्ही घरचे सगळ्यांनंतर बसलो. भात उरला होता, वरण जेमतेम. बाबा माझ्या शेजारी बसले.

मागच्या महिन्यात आत्याचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न. “तुला चूलबंद हाय बरं का.”

“आत्या, मी इथं एकटीच.”

“मंग? तुझी चूल न्हाई व्हय?”

निघायच्या दिवशी मी स्वयंपाक केला नाही. गॅसचा रेग्युलेटर बंद केला आणि बस पकडली.