आज फक्त केस विंचर

मनाच्या आरोग्याचे छोटे व्हिडिओ आम्ही खोपटला, एसटी स्टँडजवळच्या एका खोलीत करतो. लिहिते मी. शूटिंगआधी स्क्रिप्ट आमच्या समुपदेशक मॅडम तपासतात. त्या दिवशी माझं पहिलंच वाक्य त्यांनी खोडलं: 'झोप येत नाही, रडू येतं? मग तुम्हाला नैराश्य आहे.'

"बघणाऱ्याला तू तपासलंयस का? मग आजाराचं नाव कसं देतेस?"

मी चिडून लिहिलं, 'काळजी नको, सगळं ठीक होईल.' तेही खोडलं. म्हणाल्या, "आणि नाही झालं तर?"

माझं डोकं फिरलं. मग उरलं काय सांगायला? तेवढ्यात मला आमच्या शेजारच्या काकू आठवल्या. माझ्या वाईट दिवसांत त्या नुसत्या येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "आज फक्त केस विंचर. नाही जमलं तरी राहू दे."

हात थांबेना. मी लिहिलं, 'एखाद्या दिवशी केस विंचरणंही जड जातं. असं होतं कधी कधी. आज एखादं छोटंसं काम करून बघा, नाही जमलं तरी चालेल. हे जडपण हटतच नसेल, तर जवळच्या माणसाशी बोला, डॉक्टरांना भेटा.'

मॅडमनी ते वाचलं आणि काही न खोडता पेनाला टोपण लावलं. बाहेर एसटीचे हॉर्न चालूच होते, म्हणून खिडक्या लावल्या, पंखा बंद केला आणि घामाघूम होत मी कॅमेऱ्यासमोर एका दमात वाचलं.

वाचून झालं तरी आमची कॅमेरावाली 'कट' म्हणेना. बघते तर ती बोटांनी स्वतःचे केस सारखे करत होती.