नागलीच्या लाडवांची माफी

लाडू माझ्यामुळे अडले, हे आधीच सांगते. नाहीतर सूनबाई सांगेल आणि वाढवून सांगेल.

आमच्या पाड्यात नवी नागली, म्हणजे तुमची नाचणी, देवाला दाखवल्याशिवाय दळत नाहीत. दाखवण्याचं काम एका म्हाताऱ्याचं. दुसऱ्या कुणी केलेलं चालत नाही. यंदा ऐन वेळी त्याच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि डॉक्टरने आठवडाभर धुराजवळ बसायचं नाही असं बजावलं. धुपाशिवाय देवाला काय दाखवणार? इकडे सूनबाईने बचत गटाच्या लाडवांची ऑर्डर घेऊन ठेवलेली. ठाण्याच्या प्रदर्शनात दिवसभर उभं राहून तिने ती शहरातली गिऱ्हाइकं जोडली होती, तारीखही तिनेच दिली होती. जुनी नागली संपली होती. ती नवीचं पोतं घेऊन गिरणीकडे निघाली, तर मी पोत्यावर बसले. उठलेच नाही.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, जव्हारला चला. गिऱ्हाइकांची माफी मागायची आहे. कारण तुम्ही आहात, तर समोर बसा."

जव्हारच्या बाजारात टायपिंगचं दुकान आहे. तिथला माणूस लोकांना आदिवासी प्रकल्प कार्यालयाचे अर्ज लिहून देतो. सूनबाईला मेल पाठवता येतो, पण इंग्रजीची तिला खात्री नव्हती, आणि निम्मी गिऱ्हाइकं मराठी न वाचणारी. म्हणून एकाच मेलात वर मराठी, खाली इंग्रजी असं ठरलं.

त्याने भराभर टाइप करून वाचलं. "उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, काही अपरिहार्य कारणास्तव आपली ऑर्डर प्रलंबित आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल क्षमस्व."

मी चौथीपर्यंत शिकले आहे. मला यातलं एवढंच कळलं की लाडू येणार नाहीत आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मी त्याला म्हटलं, हे तर वीज तोडायची नोटीस दिल्यासारखं झालं. खालचं इंग्रजी मराठीत सांग. तो म्हणाला, त्यात लिहिलंय की परिस्थिती आमच्या हाताबाहेर होती, लाडू लवकरच पोचतील.

"पोत्यावर मी बसले होते," मी म्हटलं. "हाताबाहेर कुठे? आणि लवकर म्हणजे कोणत्या वारी?"

"मावशी, मेलमध्ये असंच लिहितात."

"मग गिऱ्हाइकं वाचत नसतील."

सूनबाईला हसू आलं. तिने ते दाबलं, पण मी पाहिलं. मग तिने त्याला बाजूला सरकवलं आणि स्वतः लिहायला बसली. एक एक ओळ मला वाचून दाखवी. मी कपाळाला आठी घातली की ती खोडून टाकी. अशी चार वेळा खोडाखोड झाल्यावर हे उरलं:

"नमस्कार. तुमचे नाचणीचे लाडू ठरलेल्या दिवशी पोचणार नाहीत, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. आमच्या पाड्यात नवी नाचणी देवाला दाखवल्यावरच दळली जाते. हा विधी करणाऱ्या आजोबांच्या प्रकृतीमुळे तो पुढे गेला. तारीख देताना आम्ही याचा विचार करायला हवा होता. ती चूक आमची आहे. लाडू येत्या गुरुवारी जव्हारहून निघतील आणि सोमवारपर्यंत तुम्हाला मिळतील. तोवर थांबणं शक्य नसेल तर या मेलला उत्तर द्या, पूर्ण पैसे परत करू. तुम्ही आमच्यावर विश्वास ठेवलात, त्याबद्दल आभार."

मला त्यात मोतीबिंदू हवा होता. सूनबाई म्हणाली, दुसऱ्याचा आजार जगाला सांगायचा नसतो. तेवढं मी सोडलं. "चूक आमची" वर मात्र अडले. चूक माझी नव्हती, आजही नाही.

"तारीख मी दिली," ती म्हणाली. "देवाला न विचारता, आणि तुम्हालाही न विचारता. ती आमचीच."

ती ओळ मी राहू दिली.

दुकानदाराने त्याचं इंग्रजी केलं. मी ते पुन्हा मराठीत सांगायला लावलं. वार तेच आले, पैसे परत करण्याचं आलं, चूकही आली. मग सूनबाईने सगळ्यांचे पत्ते एकमेकांना दिसणार नाहीत अशा रकान्यात घातले आणि मेल पाठवला.

एसटी सुटेपर्यंत उत्तरं यायला लागली. दोघांनी ऑर्डर रद्द केली. एकाच्या घरी सोमवारच्या आधीच बारसं होतं, त्याचं बरोबरच होतं. बाकीचे थांबले. एका बाईने विचारलं, लाडू आम्हीही आधी देवाला दाखवायचे का? मी म्हटलं, कळव, तुझ्या घरी तुझा देव, आम्हाला काय विचारतेस. सूनबाईने काय कळवलं कोण जाणे, पण उत्तराला आभार आले. नंतर तिने न विचारता मला खिडकीची जागा दिली.

रविवारी म्हातारा काळा चष्मा लावून देवापुढे बसला. गुरुवारी लाडू निघाले. त्याच्याबद्दल मुंबईपर्यंत लिहून गेल्याचं त्याला कुठून तरी कळलं, म्हणून फोनवर वाचून घ्यायला घरी आला. सूनबाईने दोन्ही भाषांत वाचलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"एवढं ऑपरेशन झालं," तो म्हणाला, "आणि नुसती प्रकृती?"

मी सूनबाईकडे पाहिलं. या वेळी तिने हसू दाबलं नाही.