चौतीस पाण्यांचं शतधौत घृत

माझ्या आयुष्यातला पहिला ईमेल मी साठी ओलांडल्यावर लिहिला आणि तोही चोरून. लोक चोरून काय काय लिहितात! मी तुपाबद्दल लिहिलं.

आधी तूप सांगते, नाहीतर चोरी कळायची नाही. शतधौत घृत म्हणजे शंभर वेळा धुतलेलं तूप. तांब्याच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, त्यावर थंड पाणी घालायचं, तळव्यानं घासघास घासायचं, पाणी ओतून द्यायचं आणि पुन्हा नवं घालायचं. असं शंभरदा. मग तूप लोण्यापेक्षा पांढरं होतं, फुलतं, आणि त्याचा तुपाचा वास पार निघून जातो. हे खायचं नसतं, लावायचं असतं. भाजलं, पोळलं, अंगाची आग झाली, की लावायचं.

लग्न होऊन यवतमाळकडच्या बोरी अरबला आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. साठ सालानंतरची गोष्ट. मॅट्रिक झालेली सून म्हणून गावभर कौतुक होतं आणि ते कौतुक मला जरा जास्तच पटलं होतं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, तळपायांच्या आगीचा जुना त्रास. दिवसभर कापसात वेचणी करून आल्या की पाय पाण्याच्या बादलीत घालून बसायच्या. गावातल्या वैद्यबुवांनी त्यांना हे तूप सांगितलं होतं, आणि ते करायचं काम आत्याबाईंनी मोठ्या विश्वासानं माझ्याकडे दिलं.

"तू शिकेल हायेस," त्या म्हणाल्या. "मोजण्यात तुही चूक नाही व्हायची."

आत्याबाईंना लिहितावाचता येत नव्हतं, पण मोजायची त्यांची रीत पक्की होती. त्यांनी एका वाटीत तुरीचे शंभर दाणे मोजून दिले. एक पाणी ओतलं की एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकायचा. पहिली वाटी रिकामी झाली की तूप झालं.

पहिल्या दिवशी दहा दाण्यांतच माझं मनगट भरून आलं. पंधराव्या दाण्याला मॅट्रिकचं शिक्षण कामी आलं. झालेली पाणीही हिशोबात धरून मी एका पाण्याला तीन दाणे टाकायला लागले. तीन त्रिक नऊ, तेहतीस त्रिक नव्याण्णव. उरलेल्या एका दाण्यासाठी मात्र मी एक पाणी वेगळं दिलं, कारण अप्रामाणिकपणा मला आवडत नसे.

तर ते चौतीस पाण्यांचं तूप. रंग पिवळसरच राहिला, वासही घरच्या तुपाचा आला. आत्याबाईंनी पायाला लावलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "आहाहा! याले म्हणतात शंभर पाणी!" मी मान खाली घातली. सगळ्यांना वाटलं, सून लाजली.

त्यानंतर पुढची कितीतरी वर्षं मी चौतीस पाण्यांचंच तूप केलं. आत्याबाई माहेरी नेत, लेकींना देत. "माह्या सुनेच्या हातचं" असं सांगत. पुढे शेत नव्या पिढीकडे गेलं, त्यांची वेचणी थांबली, पायांची आगही थांबली आणि तूप मागे पडलं. माझी सुटका झाली, असं मी समजले.

पंचाऐंशीव्या वर्षी आत्याबाईंचे पाय पुन्हा पेटले. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं, साखरेच्या गोळ्या चालू केल्या. साखर खाली आली, आग काही जाईना. आत्याबाई पलंगावर बसायलाच तयार नाहीत. खाली शहाबादी फरशीवर तळवे टेकवून भिंतीला पाठ लावून बसायच्या आणि फरशी तापली की कुल्ल्यांवर सरकत पुढच्या फरशीवर जायच्या. पाहवत नव्हतं. त्यात त्यांचं एकच म्हणणं:

"मले तुह्या हातचं तूप करून दे व बाई. शंभर पाण्याचं."

माझं उजवं मनगट आदल्या वर्षी मोडून बसलेलं होतं. चौतीस सोडा, चार पाणी झाली नसती. आत्याबाईंना तेही ठाऊक होतं, म्हणून म्हणाल्या, "नाही जमत तं तुह्या सुनेले शिकव." म्हणजे झालंच! माझी सून सरळ स्वभावाची. तिनं शंभर मोजून शंभर धुतलं असतं, आणि मग नवरा-दीर-नणंदांसमोर इतक्या वर्षांचं माझं पिवळं तूप पांढऱ्याशेजारी उभं राहिलं असतं.

मी ठरवलं, विकतचं आणायचं. यवतमाळला दोन दुकानांत विचारलं. एकानं पोटात घ्यायचं कडू घृत पुढे केलं, दुसऱ्यानं कापराचा भसका येणारं मलम. "शतधौत आम्ही ठेवत नाही, फार दिवस टिकत नाही," असं तोच प्रामाणिकपणे म्हणाला.

पुण्यात माझी शाळेतली मैत्रीण होती, निवृत्त मास्तरीण. तिला विचारायचं तर फोन बैठकीच्या खोलीत, आत्याबाईंच्या फरशीपासून दोन हातांवर. पत्राला आठ दिवस जाणार. मागच्या दिवाळीत तिनं तिचा ईमेलचा पत्ता मोठ्या ऐटीत चिठ्ठीवर लिहून दिला होता. ती चिठ्ठी घेऊन मी जवळच्या दारव्ह्याला गेले. झेरॉक्सच्या दुकानातच मागे नेट कॅफे होता. मालक चांगला चाळिशीचा गृहस्थ. त्यानं माझ्या नावाचं खातं उघडलं, आणि मी सांगू लागले तसं इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करू लागला. अडचण एकच, तो प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून टाइप करायचा.

"विषय काय लिहू काकू?"

"विषय कशाला हवा? पत्राला असतो का?"

"ईमेलले लागते."

"मग लिहा, कोणाला सांगू नको."

"विषय, कोणाला सांगू नको," त्यानं दुकानभर ऐकू जाईल असं वाचलं. झेरॉक्सच्या रांगेतली तीन माणसं मागे वळली.

मजकूर मात्र मी नेटका सांगितला. तो अजून माझ्याकडे छापील आहे: "सासूबाईंच्या तळपायांची आग होते. त्यासाठी शतधौत घृत पाहिजे. गाईच्या तुपाचं, तांब्याच्या भांड्यात खरंच शंभर वेळा धुतलेलं. सुगंधी नको, कापूर नको, पोटात घ्यायचं नको. पुण्यात कोणत्या दुकानात किंवा कोणत्या वैद्यांकडे मिळेल ते कळव. घरी फोन करू नकोस."

"करू नकोस," मालकानं वाचलं आणि विचारलं, "काकू, हे घरी नाही बनत काय? माही आजी बनवे."

"तुमची आजी किती वेळा धुवायची?"

"शंभर."

"तुम्ही मोजलं होतं?"

त्यानं मेल पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी मी गेले तर उत्तर येऊन पडलेलं. मैत्रिणीनं पेठेतली तीन दुकानं पालथी घातली होती. दोन ठिकाणी क्रीम निघालं. तिसऱ्यानं एका वैद्यबाईंचा पत्ता दिला, त्या मागणीप्रमाणे स्वतः धुवून देत. त्यांनी दोन प्रश्न विचारले होते: पायाला जखम आहे का आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना. जखम असेल तर आधी दाखवा, गोळ्या बंद करू नका. खाली मैत्रिणीचं स्वतःचं वाक्य: "पण हे तूप तर तूच करायचीस ना? तुझ्या सासूबाई लग्नकार्यात भेटल्या की माझ्या आईला केवढं कौतुक सांगायच्या!"

मी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं दिली. तिसरा वाचलाच नाही असं दाखवलं.

डबा कुरियरनं कॅफेच्या पत्त्यावर आला. उघडून पाहिला आणि सांगते, मला लाज वाटली. इतकं पांढरं, इतकं मऊ! बोट लावलं तर बोट थंड झालं. वास नावालाही नाही. शंभर पाण्यांचं तूप मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

घरी येऊन ते माझ्या नेहमीच्या चिनीमातीच्या बरणीत भरलं, आत्याबाईंसमोर बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. त्यांनी बरणी ओढून नाकाशी नेली. मग चष्म्यातून पाहिली. मग पाय मांडीवरून काढून घेतला.

"हे काय होय?"

"तूप, आत्याबाई."

"हे तुह्यं नव्हे. बजारातून आणलं ना?"

खोटं बोलायला उसंतच मिळाली नाही. "हो. माझा हात चालत नाही म्हणून. पण शंभर वेळा धुतलेलं आहे हो, पुण्याच्या वैद्यबाईंनी स्वतः..."

"फसवलं तुले! अशी कायले फसतं व शिकून सवरून? याले ना रंग ना वास. चुन्यावानी दिसते. शंभर पाण्याचं तूप काय म्या पाह्यलं नाही? वीस वर्सं लावलं!"

"आत्याबाई, एकदा लावून तर..."

"हात नको लावू."

आणि त्या सरकत पुढच्या फरशीवर गेल्या.

मी बरणी घेऊन स्वयंपाकघरात आले. खरं सांगावं असं वाटलं, नाही असं नाही. दारापर्यंत परतलेही. पण तिथून त्यांचे तळवे दिसले, लाल, फरशीला चिकटवलेले. मी म्हटलं असतं, "आत्याबाई, माझंच तूप खोटं होतं," तर त्यांनी काय केलं असतं? मला खोटं ठरवलं असतं आणि पुण्याच्या डब्यालाही हात लावला नसता. पायाची आग तशीच राहिली असती. आता हा विचार शहाणपणाचा होता की सोयीचा, ते तुम्ही ठरवा. मी सतरा वर्षांची असताना माझं शहाणपण आणि सोय नेहमी एकच निघायची, साठीतही फारसा फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परात घेऊन मागच्या ओसरीवर बसले. घरचं दोन चमचे तूप घेतलं, डाव्या हातानं तीनदा धुतलं आणि पाण्याचा आवाज मात्र तासभर केला. मग पुण्याच्या तुपात ते कालवलं. पांढऱ्यावर पिवळी झाक आली. कणीदार तुपाचा वास आला. चांगलं तूप बिघडवून चांगलं दिसायला लावलं.

आत्याबाईंनी हुंगलं.

"हं. आता आलं. शंभर?"

"शंभर," मी म्हणाले. चाळीस वर्षांत या प्रश्नाला मी दिलेलं हे सगळ्यांत खरं उत्तर.

मी दोन्ही तळवे चोळले. मग स्वतःच पलंगाची दांडी धरून उठल्या, पाय गादीवर घेतले आणि दुपारचं जेवण होईपर्यंत घोरत होत्या. कित्येक आठवड्यांत त्या पलंगावर झोपल्या नव्हत्या. मी मैत्रिणीला कळवलं की गुण आला, आणखी दोन डबे पाठव.

ते घेऊन मी घरी आले तेव्हा आत्याबाई जाग्या होत्या. पिशवीतला डबा त्यांनी उघडून पाहिला आणि आतलं बरोबर ओळखलं.

"पुन्हा आणलं काय थे चुन्यासारखं? फेकू नको आता. बैलाचा खांदा सोलला हाय, त्याले लाव."

आणि मी नीट लावते की नाही हे पाहायला काठी टेकत गोठ्यापर्यंत आल्या. त्यामुळे नाइलाज झाला. आमच्या घरात शंभर पाण्यांचं निर्भेळ शतधौत घृत लाभलं ते एकट्या बैलाला. खांदा चार दिवसांत निवळला.

"बैलाले काय समजते," आत्याबाई म्हणाल्या, आणि पाय माझ्यापुढे केले.