खात्रीचा शेअर

बाजाराला दुपारी डुलकी लागते. सकाळची झुंबड ओसरलेली असते, शेवटच्या तासाची धावपळ अजून लांब असते आणि पडद्यावरचे आकडे उगाच एक पैसा वर, एक पैसा खाली असे झुलत राहतात. बाजारकाकांना ही वेळ फार आवडायची. सगळं घर त्यांना याच नावानं ओळखायचं. अठ्ठावीस वर्षं याच खुर्चीत बसून शेअरची खरेदी-विक्री करणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? पंख्याच्या वाऱ्यानं पडदा फुगायचा, भिंतीवरचं ऊन सरकत कपाटापर्यंत जायचं आणि काका जागे असून नसल्यासारखे बसून राहायचे.

त्या दुपारी फोनवर पुतण्याचा मेसेज आला.

'काका, कंपनीनं एकरकमी पैसे देऊन नोकरीतून मोकळं केलं. सहा महिन्यांनी फ्लॅटचे पैसे भरायचेत. तोवर एकच खात्रीचा शेअर सांगा ना. कुणाला बोलणार नाही.'

काकांची सगळी गुंगी उतरली. पुतण्या गुणाचा, पण हातात आहे ते एवढंच. ते गेलं तर फ्लॅटही गेला आणि पुढच्या नोकरीपर्यंतचा आधारही. 'नाही' म्हणणं सोपं होतं. पण लग्नाकार्यात सगळ्यांसमोर 'आमचे काका बाजारातले वाघ' म्हणून मिरवणाऱ्या पोराला कोरडं 'नाही' कसं पाठवायचं?

त्यांनी लिहिलं, 'बाळा, असा शेअर नसतो.' खोडलं. हे तर बाजारात काल आलेलाही सांगतो. 'मी सल्ला देत नाही.' तेही खोडलं. ते खोटं होतं. एकदा दिला होता.

बारा वर्षांपूर्वी, अशाच एका दुपारी, दादानं विचारलं होतं. दादा म्हणजे थोरला भाऊ, याच पुतण्याचा बाप. काकांनी त्यांना एका कंपनीचं नाव सांगितलं. स्वतःही तोच शेअर घेतला होता, त्यामुळे फसवणूक मुळीच नव्हती. पण काकांची रीत अशी की शेअर घेतानाच, किती खाली आला तर विकायचा, तो आकडा ऑर्डरमध्ये घालून ठेवायचा. तिसऱ्या दिवशी भाव त्या आकड्याला टेकला, शेअर आपोआप विकला गेला, थोडं नुकसान झालं. काका तेव्हा चहा गाळत होते. त्यांना त्याचं काहीच वाटलं नाही, कारण दहातले चार-पाच सौदे असेच जातात. पुढच्या सौद्याकडे वळताना दादाला सांगायचं साफ राहून गेलं. आठवण झाली तेव्हा भाव निम्म्यावर आला होता आणि मग सांगायची लाज वाटली. दादा वर्षभर तो शेअर धरून बसले. एका शब्दानं बोलले नाहीत. काका मात्र पुढे कित्येक दिवस त्यांच्या घरी जायचं टाळत राहिले. भावाशी असं वागलो, हे त्यांना आजही आतून कुरतडायचं.

ऊन कपाटावर चढलं तेव्हा काकांनी एका दमात लिहिलं आणि पुन्हा न वाचता पाठवून दिलं:

'बाळा, तू विचारलंस याचा आनंद वाटला, म्हणून खरं सांगतो. नाव मी आत्ता सांगेन, पण मी चुकलो तर दोन मिनिटांत बाहेर पडेन आणि त्या दोन मिनिटांत मला तुझी आठवण येईलच असं नाही. तुझ्या वडिलांच्या बाबतीत हेच झालं. मी तिसऱ्या दिवशी विकून मोकळा झालो होतो आणि त्यांना सांगितलं नाही. सहा महिन्यांनी लागणारे पैसे बँकेत ठेव. व्याज कमी मिळेल, पण फ्लॅट राहील. नंतर शिकायचं असेल तर थोडे पैसे घेऊन ये, शेजारी खुर्ची टाकतो.'

पाच मिनिटं गेली, दहा गेली. पडद्यावरचे आकडे झुलत होते, पण काकांना त्यातला एकही दिसत नव्हता. फोन वाजला. पुतण्या म्हणाला, "काका, पैसे बँकेतच ठेवतो. मेसेज बाबांना वाचून दाखवला. चालेल ना? ते इथंच आहेत, देतो."

काका खुर्चीतून उठून उभे राहिले.

"अरे, तू विकलास ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं," दादा नेहमीच्या संथ आवाजात म्हणाले. "पहिले दोन दिवस सकाळ-संध्याकाळ फोन करून त्या शेअरचं कौतुक सांगत होतास. मग एकदम त्याचं नावच काढेनासा झालास."

"मग दादा, तू का नाही विकलास?"



"तू सांगशील म्हणून थांबलो होतो रे."